राधा म्हणाली की ‘ती’ येईल, मग येणार कोण?

राधा म्हणाली की ती उद्या येईल.

हे वाक्य वाचून सांगा, उद्या कोण येणार? मराठी घरात वाढलेला माणूस बहुतेक वेळा म्हणेल, राधा नाही, राधा जिच्याबद्दल बोलत होती ती कुणी दुसरी बाई. आता हेच इंग्रजीत म्हणून बघा. ‘राधा सेड शी वुड कम टुमारो.’ इथे येणारी बाई राधाच. शब्दाला शब्द ठेवला, कुठे काही गाळलं नाही, तरी अनुवादात माणूस बदलला.

इंग्रजीवरून केलेल्या बातम्यांमध्ये हा प्रकार रोज सापडतो. ‘मंत्र्यांनी सांगितलं की ते चौकशीला सामोरे जातील’ असं वाचलं की क्षणभर वाटतं, ‘ते’ म्हणजे कोण बुवा, सचिव की ठेकेदार? पुढची दोन वाक्यं वाचल्यावर उलगडा होतो. वाचक सवयीनं सांभाळून घेतो, पण अडखळतो तो अडखळतोच.

माझी भाची इंदुरात बसून इंग्रजीतून मराठीत अनुवादाची कामं करते. तिचा नेहमीचा प्रश्न वेगळा असतो. “मामा, पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत टाकू की बाहेर?” प्रश्न योग्यच आहे आणि त्याचं उत्तर पुढे येईल. पण आतबाहेरच्या ठिपक्यापेक्षा मोठी गडबड होते ती दुसरीकडे. बोलणं कुणाचं, ते कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं, हे इंग्रजी चिन्हांनी सांगते, तर मराठी बरंचसं शब्दांनी सांगते. हा फरक लक्षात न घेता चिन्हं जशीच्या तशी उचलली की वाक्य मराठी अक्षरांत लिहिलेलं इंग्रजी होतं.

चिन्हं नव्हती तेव्हा कसं चालायचं?

जुन्या पोथ्यांत चिन्हं म्हणजे दोनच, एक उभा दंड आणि दोन उभे दंड. तेही मुख्यतः ओवी, श्लोक यांचे चरण तोडायला. मोडीत तर तेवढंही नाही. आधी ओळभर आडवी रेघ मारायची, मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचं, दोन शब्दांमध्ये जागा सोडायचीही पद्धत नव्हती. होळकरांच्या आणि शिंद्यांच्या दप्तरांतली पत्रं अशीच आहेत. त्या पत्रांत एकानं दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याला कळवलेलं असतं, आणि ते कळतंही. कारण बोलणं संपलं की पाठोपाठ ‘ऐसे’, ‘म्हणोन’ असा शब्द येतो. संस्कृतात हेच काम ‘इति’ करतं.

आज आपण वापरतो ती स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरणचिन्हं एकोणिसाव्या शतकात छापखान्याबरोबर आणि इंग्रजी शिक्षणाबरोबर आली. मराठीत ती रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीला हातभार लावणारे ते हेच. विरामचिन्हांवरचं त्यांचं पुस्तक 1850 चं.

म्हणजे आपल्या दाराला कडी आधीपासून होती, कुलूप नंतर आलं. इंग्रजी दाराला कडी नाही, म्हणून तिथे दोन्हीकडे कुलूप घालावंच लागतं. आपण मात्र कधी नुसती कडी लावून भागवतो, कधी नुसतं कुलूप, आणि अनुवाद करताना घाबरून दोन्ही लावतो.

बोलणाऱ्याचा ‘मी’ हलवायचा नाही

शाळेत इंग्रजी शिकताना सगळ्यांनी ‘डायरेक्ट’चं ‘इनडायरेक्ट’ केलेलं असतं. अवतरणचिन्हं काढली की ‘आय’चा ‘शी’ करायचा, ‘विल’चा ‘वुड’ करायचा, ‘टुमारो’चा ‘द नेक्स्ट डे’ करायचा. इंग्रजीत सांगणारा माणूस दुसऱ्याचं बोलणं आपल्या जागेवरून सांगतो, म्हणून सर्वनामं आणि काळ त्याच्या बाजूनं फिरतात.

मराठीत सहसा तसं होत नाही. ‘राधा म्हणाली की मी उद्या येईन.’ यात अवतरणचिन्हं नाहीत, तरी ‘मी’ राधाचाच आहे आणि ‘येईन’ तिच्याच तोंडचं आहे. हिंदीतही असंच, ‘उसने कहा कि मैं कल आऊँगी’. त्यामुळे या बाबतीत आम्हा इंदूरकरांना आजूबाजूच्या हिंदीचा त्रास नाही, उलट आधारच आहे. (भाची मात्र हिंदीच्या सवयीनं ‘की’ ऱ्हस्व लिहून पाठवते, ते वेगळं.)

सर्वनामापेक्षा काळाची चूक जास्त धोक्याची असते. इंग्रजीत डॉक्टरांनी सांगितलेलं ‘शी इज बेटर’ हे दुसऱ्याच्या तोंडून येताना ‘शी वॉज बेटर’ होतं. अर्थ तोच, की आता बरं वाटतंय. मराठीत ‘डॉक्टर म्हणाले की आई बरी होती’ असं लिहिलं, तर ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येईल. होती म्हणजे? आता काय झालं? मराठीत बोलण्याच्या क्षणी जे खरं होतं ते वर्तमानातच ठेवायचं. ‘डॉक्टर म्हणाले की आई बरी आहे.’

वाटणं, समजणं, दिसणं या क्रियापदांनाही हेच लागू आहे. ‘तिला वाटलं की तो खोटं बोलत होता’ याचा मराठीत अर्थ होतो, पूर्वी कधीतरी बोलत होता. त्याच क्षणी बोलत असेल तर ‘तिला वाटलं की हा खोटं बोलतोय’. ‘तो’चा ‘हा’ झाला, काळ वर्तमान झाला आणि एकही चिन्ह न वापरता आपण तिच्या मनात शिरलो.

मग ‘मी’ कुणाचा, हा घोटाळा होत नाही का?

होतो. ‘वकिलांनी सांगितलं की मी त्या रात्री तिथे नव्हतो.’ आता तिथे कोण नव्हतं, वकील की त्यांचा अशील? इथे नुसत्या ‘की’वर विसंबून चालत नाही आणि उपाय दोन आहेत.

पहिला उपाय अवतरणचिन्हं घालण्याचा. पण त्यानं बोलणं कुठे सुरू होतं आणि संपतं तेवढंच कळतं. वकील स्वतःबद्दल बोलत होते की अशिलाचे शब्द वाचून दाखवत होते, ते सांगावंच लागतं. ‘अशिलाचा जबाब वाचून दाखवत वकील म्हणाले’ असं काहीतरी.

दुसरा उपाय मराठीतला फार सोयीचा शब्द आहे, ‘आपण’. ‘आपण त्या रात्री तिथे नव्हतो, असं वकिलांनी सांगितलं.’ हा ‘आपण’ सांगणाऱ्याकडेच परत जातो, म्हणजे वकील स्वतः तिथे नव्हते. ‘आपण राजीनामा देणार नाही, असं ते म्हणाले’ अशी वाक्यं मराठी वर्तमानपत्रांनी पिढ्यान्‌पिढ्या छापली आहेत. अवतरणचिन्ह नाही, संदिग्धता नाही आणि बातमीदारानं शब्दशः उद्धृत केल्याचा दावाही नाही. इंग्रजीतल्या ‘ही सेड ही वुड नॉट रिझाइन’ला इतकं चपखल बसणारं दुसरं वाक्य मला तरी माहीत नाही.

त्याची मर्यादा मात्र आहे. ‘आपण उद्या भेटू, असं तो म्हणाला’ यात ‘आपण’ म्हणजे तो आणि ऐकणारा, दोघं. आदरार्थी ‘तुम्ही’साठीही ‘आपण’ येतो. वाक्यात असे दोन अर्थ झगडायला लागले की सर्वनाम सरळ गाळून टाकावं. मराठी क्रियापदाच्या शेपटीतच बहुधा माणूस असतो. ‘उद्या परत येईन, असं तिनं सांगितलं.’ ‘येईन’ म्हटल्यावर ‘मी’ लिहायची गरज उरत नाही. इंग्रजीत ही चैन नाही, म्हणून तिथे प्रत्येक वेळी ‘शी’ लागते आणि कच्च्या अनुवादात पानभर ‘ती’, ‘ती’, ‘ती’ होतं.

‘की’, ‘असं’ आणि अवतरणचिन्हं, किती गोष्टी एका वेळी?

‘ती म्हणाली की, “मी उद्या येते” असं.’ इथे एकाच बोलण्याला सगळे बंदोबस्त एकदम केलेत. मी नेहमी पुढे दिलेल्यांपैकी एकच रचना निवडायला सांगतो.

बोलणं शब्दशः द्यायचं आणि आधी बोलणारा येतोय, तर ‘की’ नको. स्वल्पविराम पुरे. ती म्हणाली, “मी उद्या येते.”

बोलणं आधी आणि बोलणारा नंतर, तर “मी उद्या येते,” ती म्हणाली. किंवा “मी उद्या येते,” असं ती म्हणाली. कथेत पहिली रचना चपळ वाटते, बातमीत दुसरी. बोलणं प्रश्नचिन्हानं किंवा उद्गारचिन्हानं संपलं, तर स्वल्पविराम घालू नये. “येतेस का?” तिनं विचारलं.

शब्दशः द्यायचं नाही, तर अवतरणचिन्हं नकोत. मग ‘ती म्हणाली की उद्या येते’ किंवा ‘उद्या येते, असं ती म्हणाली’.

‘की’च्या आधी स्वल्पविराम द्यायचा का? ‘म्हणाली, की’ आणि ‘म्हणाली की’ दोन्ही छापलेलं आढळतं. एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. ‘की’च्या नंतर दिलेला स्वल्पविराम मात्र मला कधीच पटलेला नाही. ‘की’ पुढच्या वाक्याला हात धरून आणतो आणि आपण मधेच दोघांना तोडतो. वर्तमानपत्रांत तो सर्रास असतो, तरीही.

प्रश्नाचंही असंच. ‘तू येशील का, असं तिनं विचारलं.’ या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नको, कारण पूर्ण वाक्य प्रश्न नाही, माहिती आहे. आतल्या प्रश्नाचं काम ‘का’नं केलेलं आहे.

मधेच तोडलेलं बोलणं

इंग्रजी कादंबरीत बोलणं अर्ध्यावर थांबवून ‘ती म्हणाली’ घालण्याची फार आवड. त्याचं तसंच मराठी केलं की होतं, “मी उद्या,” ती म्हणाली, “तुझ्या घरी येते.” कर्ता आणि काळ एका बाजूला, क्रियापद दुसऱ्या बाजूला. मराठी वाक्याचा सगळा जीव शेवटच्या क्रियापदात असतो. ते येण्याआधी वाक्य थांबवलं की वाचणाऱ्याचा श्वास अडकतो, आणि लेखकाला सहसा तो परिणाम नको असतो.

तोडायचंच तर सांधा बघून तोडावं. सगळ्यांत सोपा सांधा म्हणजे हाक. “अगं सुमे,” काकू म्हणाल्या, “दूध उतू जातंय बघ.” हे ऐकतानाच मराठी आहे. दुसरा सांधा दोन उपवाक्यांच्या मध्ये, ‘पण’, ‘म्हणून’, ‘नाहीतर’ यांच्या आधी. तिसरा, पहिलं वाक्य पूर्ण झाल्यावर. यांपैकी काहीच सापडलं नाही, तर ‘ती म्हणाली’ उचलून सुरुवातीला न्यावं. मूळ लेखकानं ते मध्ये ठेवलं होतं, या कारणासाठी मराठी वाक्याचे दोन तुकडे करायची गरज नाही.

आत की बाहेर?

आता भाचीचा प्रश्न. अमेरिकी छपाईत पूर्णविराम आणि स्वल्पविराम बहुधा अवतरणचिन्हाच्या आतच जातात, मग अवतरणात एकच शब्द का असेना. ब्रिटिश पद्धतीत, ठिपका उद्धृत मजकुराचा असेल तर आत, नाहीतर बाहेर. त्यामुळे एकाच भाषेतली दोन पुस्तकं दोन तऱ्हा दाखवतात आणि अनुवादक गोंधळतो.

मराठीत हा वाद फारसा उभाच राहत नाही, कारण वाक्य क्रियापदानं संपतं आणि उद्धृत शब्द आधीच होऊन गेलेला असतो. इंग्रजीत ‘विकास’ हा अवतरणातला शब्द वाक्याच्या टोकाला येऊ शकतो, मराठीत ‘याला ते ‘विकास’ म्हणतात’ असं होतं. ठिपका ‘म्हणतात’च्या पुढे, अवतरणाचा संबंधच नाही. उरतो तो पूर्ण वाक्य उद्धृत केल्याचा प्रसंग. ती म्हणाली, “मी उद्या येते.” इथे पूर्णविराम आत. बाहेर आणखी एक टाकू नये.

एकेरी, दुहेरी आणि ‘काळा’त

मराठी शाळेतला नियम असा, की तोंडून निघालेले शब्द दुहेरी चिन्हांत. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल किंवा दुसऱ्याचं मत अप्रत्यक्षपणे सांगायचं असेल, तर एकेरी. ब्रिटनमध्ये छापलेल्या अनेक कादंबऱ्यांत उलट असतं. संवाद एकेरीत, संवादातला संवाद दुहेरीत. अनुवादकानं इथे मुकाट्यानं अदलाबदल करावी, कुणाची परवानगी लागत नाही.

इंग्रजीत नियतकालिकांची नावं आणि मनातले विचार तिरप्या अक्षरांत देतात. देवनागरी तिरपी केली की शिरोरेघेखाली काने, वेलांट्या कलंडल्यासारख्या दिसतात आणि लहान टाइपात वाचणं अवघड होतं. म्हणून नावं एकेरी चिन्हांत द्यावीत, आणि विचारांसाठी ‘असं तिच्या मनात आलं’ आहेच.

पण नाव अवतरणात टाकलं की एक अडचण उभी राहते, जी इंग्रजीला ठाऊकच नाही. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतो. 1881 साली सुरू झालेल्या टिळकांच्या ‘केसरी’बद्दल लिहिताना ‘केसरी’त, ‘केसरी’नं असं चिन्ह बंद करून लगेच प्रत्यय जोडला की झालं. मध्ये जागा सोडायची नाही, नाहीतर ओळीच्या शेवटी ‘केसरी’ आणि पुढच्या ओळीत एकटा ‘त’ लोंबकळतो. आता 1898 साली शिवराम महादेव परांजप्यांनी काढलेलं ‘काळ’ घ्या. ‘त’ लावायचा तर आधी सामान्यरूप करावं लागतं आणि होतं ‘काळा’त. नावच बदललं, वर अंधारही झाला. अशा वेळी ‘काळ’मध्ये लिहावं. ‘मध्ये’, ‘वर’, ‘साठी’, ‘बद्दल’ यांच्या आधी अवतरणातलं नाव मूळ रूपात ठेवायला मराठी कान हरकत घेत नाही. किंवा ‘काळ’ या साप्ताहिकात, असं लिहून प्रत्यय भलत्याच शब्दावर ढकलावा.

आणखी एक छोटी गोष्ट. इंग्रजीत उद्धृत वाक्य मोठ्या लिपीतल्या अक्षरानं सुरू होतं. देवनागरीत लहानमोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे बोलणं कुठे सुरू झालं हे दाखवायचा आणखी एक खुणेचा दगड आपल्याकडे कमी आहे. सुरुवातीचा स्वल्पविराम आणि उघडणारं चिन्ह म्हणूनच गाळू नये.

एक परिच्छेद उलगडून बघू

समजा, इंग्रजी गोष्टीचा कच्चा अनुवाद असा आला.

> “डॉक्टर म्हणाले तुमची आई बरी होती,” नर्सनं सांगितलं, “पण त्यांना अजून काही दिवस राहावं लागेल.” मार्था थांबली. तिनं विचार केला: तो खोटं बोलत होता का? डॉक्टर — ज्यांना सगळे “देव” म्हणत — तिच्या नजरेला नजर देत नव्हते. तिनं सांगितलं ती उद्या परत येईल.

एकही शब्द चुकीचा नाही. तरी वाचताना प्रत्येक वाक्याला ठेच लागते.

पहिल्या वाक्यात ‘होती’ हा इंग्रजी काळ आहे, तो ‘आहे’ व्हायला हवा. डॉक्टरांचं बोलणं नर्सच्या बोलण्याच्या पोटात आहे, त्यासाठी आत एकेरी चिन्हं उघडता येतील, पण ‘असं’नं काम भागत असताना चिन्हात चिन्ह कशाला? ‘नर्सनं सांगितलं’ मात्र मध्येच राहू द्यायला हरकत नाही, कारण तुटण्याची जागा ‘पण’च्या आधी आहे, सांध्यावर आहे.

तिसऱ्या वाक्यात विचाराच्या आधी अपूर्णविराम आहे. इंग्रजीत तो दार उघडून देतो. मराठीत विचार आधी आणि ‘असं मनात आलं’ नंतर हाच सरळ क्रम, मग अपूर्णविरामाचं कामच संपतं. ‘तो’ कोण हेही स्पष्ट होत नाही, म्हणून नाव घ्यावं आणि आदरार्थी ठेवावं. डॉक्टरांना पुढच्याच वाक्यात ‘नव्हते’ म्हटलंय.

चौथ्या वाक्यातल्या दोन आडव्या रेघा इंग्रजीची सोय आहे. नामाच्या नंतर माहितीचं उपवाक्य जोडायचं तर रेघा किंवा स्वल्पविराम लागतात. मराठीत ‘ज्यांना... ते’ ही जोडी उपवाक्य नामाच्या आधी आणून ठेवते आणि रेघा गळून पडतात. ‘देव’ दुहेरीतून एकेरीत येतो, कारण तो कुणाचा संवाद नाही.

शेवटचं वाक्य म्हणजे पुन्हा आपली राधा.

> “तुमच्या आई आता बऱ्या आहेत, असं डॉक्टर म्हणाले,” नर्सनं सांगितलं, “पण अजून काही दिवस त्यांना इथेच राहावं लागेल.” मार्था थबकली. डॉक्टर खोटं तर बोलत नाहीत ना, असं तिच्या मनात आलं. ज्यांना सगळे ‘देव’ म्हणत ते डॉक्टर तिच्या नजरेला नजर देत नव्हते. उद्या परत येईन, असं तिनं सांगितलं.

अपूर्णविराम गेला, रेघा गेल्या, प्रश्नचिन्ह गेलं. अर्थ सगळा जागेवर आहे, उलट आई जिवंत आणि बरी असल्याची खात्री पटते. ‘असं’ इथे तीनदा आलंय, हे मला खटकतं. संपादनात मी शेवटचं “उद्या परत येते,” ती म्हणाली, असं थेट करून टाकीन.

इंदूरचे दोन खास घोटाळे

आमच्याकडे बहुतेक मराठी मुलांची शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची. मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर टंकणारा माणूसही हिंदीचाच. त्यामुळे मराठी गद्यात उभा दंड शिरतो. मराठीत गद्य वाक्य ठिपक्यानंच संपतं, दंड उरला तो ओवी, अभंग, श्लोक यांच्यापुरता. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ठिपक्याच्या कळीबरोबर शिफ्ट दाबली की दंड येतो, टंकण्याच्या घाईत तसाही तो येऊन बसतो. बडोद्याच्या मराठी लोकांना ही डोकेदुखी नाही, कारण गुजरातीही आज ठिपक्यानंच वाक्य संपवते. उलट बाजूनं, हिंदीत ‘श्री’ला ठिपका नसतो आणि मराठीत ‘श्री.’, ‘सौ.’, ‘कै.’ यांना असतो. पत्रिकेत तो गळला की आजीच्या लगेच लक्षात येतं.

दुसरा घोटाळा अपूर्णविराम आणि विसर्ग यांचा. दोन्ही दिसायला दोन ठिपके, पण संगणकाच्या लेखी वेगळे. युनिकोडमध्ये विसर्ग `U+0903`, अपूर्णविराम `U+003A`. विसर्ग सापडला नाही की लोक अपूर्णविराम टाकून ‘दु:ख’ लिहितात. दिसायला ठीक, पण शोधायला गेलं तर ‘दुःख’ टंकून तो शब्द सापडतोच असं नाही, आणि काही ठिकाणी ओळ बरोबर त्या ठिपक्यांपाशी तुटते. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि संयोगचिन्हाची कळ दाबली की खरा विसर्ग मिळतो. उलट, ‘ती म्हणाली:’ लिहिलं की मराठी डोळा ते विसर्गासारखं वाचतो. जुने छापखाने यादीच्या आधी अपूर्णविरामाला रेघ जोडत, त्याचा एक फायदा हाच, की ती जोडी विसर्ग वाटत नाही.

आणि अवतरणचिन्हं? इन्स्क्रिप्टच्या मूळ मांडणीत त्या कळीवर ‘ट’ आणि ‘ठ’ बसलेले आहेत. चिन्हासाठी कीबोर्ड इंग्रजीत न्यावा लागतो. त्यामुळे एकाच पानावर सरळ चिन्हं, वळणदार चिन्हं आणि दोन एकेरी जोडून केलेलं दुहेरी, अशी तिन्ही तऱ्हा भेटतात. मजकूर पाठवण्याआधी एकदा ‘शोधा आणि बदला’ चालवून ती एकसारखी करावीत.

“पण हा नियम लिहिलाय कुठे?”

मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे चौदा आणि 1972 चे चार, असे अठरा नियम आहेत. ते अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, सामान्यरूपं यांचे. अवतरणचिन्हांत स्वल्पविराम आत की बाहेर, यावर ते बोलत नाहीत. म्हणून वर्तमानपत्रं आणि प्रकाशक आपापली पद्धत ठरवतात. कामाच्या सुरुवातीलाच प्रकाशकाला विचारून घ्यावं, की संवाद दुहेरीत ना, ‘की’आधी स्वल्पविराम हवा का, नावं एकेरीत की ठळक? तीन प्रश्नांत पुढची महिनाभराची खाडाखोड वाचते.

“आणि मूळ लेखकानं मुद्दामच तसं केलं असेल तर?”

काही इंग्रजी लेखक अवतरणचिन्हं पूर्ण गाळतात. कथन आणि संवाद एकमेकांत मिसळावेत, वाचकानं चाचपडावं, हा त्यांचा हेतू असतो. तिथे अनुवादकानं मदत म्हणून चिन्हं घालणं अन्यायाचं होईल. पण मराठीत चिन्हं न घालताही ‘असं’, ‘की’, ‘म्हणे’ यांनी सगळं लख्ख होऊन जातं, आणि लेखकाला हवं होतं ते धूसरपण हरवतं. अशा पुस्तकात चिन्हांपेक्षा हे शब्द जपून वापरावे लागतात, बोलणं नुसतं नव्या ओळीवर ठेवून ‘असं’ गाळावं लागतं. एका गोष्टीत मात्र चाचपडणं चालणार नाही. ‘ती’ म्हणजे राधा की दुसरी कुणी, हे इंग्रजी वाचकाला स्पष्ट होतं, तर मराठी वाचकालाही स्पष्ट हवं, आणि त्यासाठी ‘येईल’चं ‘येईन’ करावंच लागेल.